वाट बघायला लागल्याची माफी उघड मागा, तब्येतीचं बोलणं फोनवर करा

प्रश्न: आमच्या लहानशा क्लिनिकचे ऑनलाइन रिव्ह्यू मी सांभाळते. काही मराठीत येतात, काही इंग्रजीत. कौतुकाला मी प्रत्येक वेळी 'अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद' लिहिते आणि ते आता मलाच यांत्रिक वाटतं. परवा एक स्टार देऊन एकाने लिहिलं: 'आईला घेऊन गेलो होतो. साडेसहाची अपॉइंटमेंट, नंबर लागला पावणेआठला. काउंटरवर विचारलं तर म्हणे थांबायचं असेल तर थांबा. वर डॉक्टरांनी पाच मिनिटांत चार तपासण्या लिहून दिल्या. नुसता पैसे काढायचा धंदा.' डॉक्टर म्हणतात, असं लिही: 'तुमच्या आईंची शुगर ३८० होती, तपासण्या गरजेच्याच होत्या. आपल्याला असं वाटलं याबद्दल खेद आहे, पण गर्दीच्या वेळी थोडा उशीर होतोच.' हे पाठवू का? आणि इंग्रजी रिव्ह्यूला याचंच भाषांतर चालेल का?

उत्तर:

हे पाठवू नका. डॉक्टरांचा राग मला समजतो, कारण तपासण्या खरंच गरजेच्या असणार आणि 'धंदा' हा शब्द प्रामाणिक माणसाला लागतोच. तरीही या तीन ओळींत एक चूक फार गंभीर आहे आणि दोन चुका भाषेच्या आहेत. आधी गंभीर चुकीबद्दल सांगते.

'तुमच्या आईंची शुगर ३८० होती' हे वाक्य म्हणजे पेशंटची माहिती चव्हाट्यावर मांडणं आहे. मुलाने फक्त आईला घेऊन गेलो एवढंच लिहिलंय. आजार कोणता, आकडा किती, हे त्याने कुठेही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगितलंत, तेही त्याच्या नावाखाली, जिथे त्याचे नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले लोक वाचू शकतात. शिवाय ती माहिती त्याची नाही, त्याच्या आईची आहे, आणि आईने तर काहीच लिहिलेलं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत डॉक्टरांनी पेशंटची गुपितं उघड करू नयेत असं स्पष्ट कलम आहे. त्याला अपवाद मोजकेच आहेत: न्यायालयाचा आदेश, कुणा व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. 'पेशंटने आधी आमच्यावर टीका केली' हा त्यातला अपवाद नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका क्लिनिकसाठी लिहिताना एका बाईंच्या तक्रारीला मी मोठ्या विश्वासाने उत्तर दिलं होतं: 'तुमच्या तिसऱ्या सिटिंगनंतर फरक दिसेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.' दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, थरथरत होता. त्या उपचार घेत होत्या हे सासरी कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या रिव्ह्यूत फक्त 'पैसे वाया गेले' एवढंच होतं. मी उत्तर पाच मिनिटांत काढून टाकलं, पण ज्यांनी वाचायचं त्यांनी तोवर वाचलं होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: लिहिणारी व्यक्ती आपली पेशंट आहे, होती किंवा नव्हती, यातलं काहीही आपल्या उत्तरातून कळता कामा नये. त्याने स्वतः आजाराचं नाव लिहिलं असलं, तरी आपण ते पुन्हा उच्चारायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, पेशंट आहे हे न सांगता माफी कशी मागायची? माझ्या मते या कामातलं खरं कसब इथेच आहे.

त्याचा रिव्ह्यू तीन तुकड्यांत मोडा. सव्वा तास थांबावं लागलं हा पहिला. काउंटरवर तुटक उत्तर मिळालं हा दुसरा. तपासण्या नको होत्या असं वाटलं हा तिसरा. पहिले दोन तुकडे तुमच्या कारभाराचे आहेत. त्यात वैद्यकीय काहीच नाही, म्हणून त्यांची माफी सगळ्यांसमोर, सरळ शब्दांत मागता येते आणि मागायलाच हवी. तिसरा तुकडा उपचारांचा आहे, त्यावर उघड्यावर चर्चा होणार नाही. डॉक्टरांनी नेमकं उलटं केलंय. जिथे गप्प बसायचं तिथे ते बोलले, आणि जिथे माफी मागायची तिथे 'उशीर होतोच' म्हणाले.

लिहिण्याआधी अपॉइंटमेंटचं रजिस्टर काढून बघा. साडेसहाचा पेशंट खरंच पावणेआठला आत गेला का? काउंटरवर त्या संध्याकाळी कोण होतं, त्यांच्याकडून शांतपणे ऐकून घ्या. मध्येच एखादा तातडीचा पेशंट आला म्हणून उशीर झाला असेल, तर ते कारण तुम्हाला कळायला हवं, पण उत्तरात लिहू नका. 'त्या संध्याकाळी एका पेशंटला छातीत दुखायला लागलं' असं लिहिलंत, तर दुसऱ्याच माणसाची गोष्ट उघडी केलीत. त्या दिवशी तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो माणूस कोण ते कळेल.

आता भाषेकडे वळू. मराठीत 'णं'ने संपणारं क्रियापदाचं नाम ही अशा वेळी फार मोठी सोय आहे. 'तुम्हाला सव्वा तास थांबावं लागलं' म्हटलं की तुम्ही आलात, थांबलात, हे सगळं मान्य झालं. 'तुम्हाला थांबावं लागलं असेल, तर' म्हटलं की समोरच्याला वाटतं, हे माझ्यावर संशय घेतायत. दोन्हींच्या मधला रस्ता असा: 'ठरलेल्या वेळेनंतर सव्वा तास थांबावं लागणं चूक आहे.' या वाक्यात कोण थांबलं ते नाही, कधी थांबलं ते नाही, संशयही नाही. चूक मात्र पूर्ण मान्य केलेली आहे. वाचणाऱ्याला ते मोकळं आणि खरं वाटतं, आणि तुम्ही कोणाबद्दलही काही उघड केलेलं नसतं.

दुसरी गोष्ट 'पण' या शब्दाची. मराठी कानाला 'पण'च्या आधीचं ऐकूच येत नाही, लक्षात राहतं ते नंतरचं. 'खेद आहे, पण उशीर होतोच' यातून वाचणाऱ्याने घेतलं ते 'उशीर होतोच'. माफीच्या वाक्यानंतर पूर्णविराम द्या. उत्तर लिहून झालं की 'पण', 'मात्र', 'तरीही' शोधा, आणि माफीला चिकटलेले सगळे काढा.

तिसरी गोष्ट, 'आपल्याला असं वाटलं याबद्दल खेद आहे.' हे वाक्य इंग्रजीतून उचललेलं आहे, आणि मराठीत तर ते टोमण्यासारखं लागतं, कारण 'तसं काही झालं नाही, तुम्हाला वाटलं' असा त्याचा अर्थ निघतो. 'गैरसमज झालेला दिसतो' हे त्याचंच भावंड. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' वाचलं की खोदलेला रस्ता आणि त्यावरची पाटी आठवते. 'कृपया नोंद घ्यावी' हे सरकारी पत्र झालं. घरी आलेल्या माणसाला चुकून धक्का लागला, तर तुम्ही जे बोलाल ते लिहा: 'चूक झाली, माफी मागतो.' 'आम्ही' धरून लिहिलंत की मागतो-मागते हा प्रश्नही उरत नाही.

'आपण' की 'तुम्ही', हेही ठरवून टाका. माझा कल 'तुम्ही'कडे आहे. 'आपण' आदराचं आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. तक्रारीच्या उत्तरात तो शब्द एकदम कोरडा, वकिली होतो. आणि 'आपण यावर बोलू' म्हटलं की तुम्ही बोलणार की आपण दोघं, ते कळत नाही. 'तुम्ही'बरोबर 'लिहिलंत', 'फोन केलात' अशी रूपं वापरली की आदरही राहतो आणि माणूस स्त्री की पुरुष हा प्रश्नही येत नाही. प्रोफाइलवरच्या नावावरून ते नेहमी कळत नाही, आणि चुकीचं 'सर' किंवा 'मॅडम' फार बोचतं. म्हणून मी नुसतं 'नमस्कार' लिहून सुरुवात करते. एकाच उत्तरात 'आपण' आणि 'तुम्ही' मिसळू देऊ नका. घाईत लिहिल्याची ती सर्वांत मोठी खूण असते. आणि तक्रार करणाऱ्याला 'आमचे सर' किंवा 'डॉक्टरसाहेब' म्हणू नका, नुसतं 'डॉक्टर' म्हणा. नाराज माणसापुढे आपल्याच माणसाला उंच बसवलं की अंतर वाढतं.

हे सगळं धरून तुमचं उत्तर मी असं लिहीन:

'नमस्कार. ठरलेल्या वेळेनंतर सव्वा तास थांबावं लागणं आणि विचारल्यावर तसं उत्तर ऐकावं लागणं, दोन्ही चूक आहे. आम्ही मनापासून माफी मागतो. काउंटरवर आम्ही सगळ्यांशी याबद्दल बोललो आहोत. वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर आता आम्ही आधीच फोन करून कळवतो. कोणतीही तपासणी कशासाठी आहे हे समजून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तब्येतीविषयी इथे सगळ्यांसमोर लिहिणं आम्हाला योग्य वाटत नाही. क्लिनिकच्या नंबरवर दुपारी १ ते २ या वेळेत फोन केलात, तर डॉक्टर स्वतः बोलतील.'

यातली काही वाक्यं का आहेत ते सांगते. 'काउंटरवर सगळ्यांशी बोललो' असं लिहिलंय, कारण काउंटरवर एकच बाई असतील तर 'संबंधित कर्मचाऱ्याला समज दिली' म्हणजे त्यांना चारचौघांत उभं करणं झालं. वीस मिनिटांचं वाक्य फक्त तेव्हाच लिहा, जेव्हा तो फोन करायला खरंच सुरुवात झाली असेल. पुढच्या आठवड्यात कोणी तासभर बसलं आणि फोन आला नाही, तर तो पेशंट तुमचं हेच वाक्य तुम्हाला दाखवेल. अजून सुरू केलं नसेल, तर ते वाक्य गाळा, उत्तर त्यावाचूनही उभं राहतं. वेळ ठरावीक दिलीय, कारण 'कधीही संपर्क साधा' वाचून कोणी फोन करत नाही. आणि 'तुमचा नंबर इथे द्या' किंवा 'केसपेपर नंबर कळवा' असं कधीही लिहू नका, माणसं खरंच देतात आणि तो तिथे सगळ्यांना दिसत राहतो.

'पैसे काढायचा धंदा' याला मी उत्तरच दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. डॉक्टरांना ते खटकेल. त्यांना सांगा, हे उत्तर त्या मुलापेक्षा जास्त वाचणार आहेत ते उद्या क्लिनिक शोधणारे लोक. ते आरोप आणि उत्तर एकाखाली एक वाचतात. वर 'धंदा' आणि खाली शांत माफी दिसली, की तो शब्द आपोआप जड वाटायला लागतो. वर 'धंदा' आणि खाली 'आम्ही इतकी वर्षं निःस्वार्थ सेवा करतोय' दिसलं, तर भांडण दिसतं.

इंग्रजीचं म्हणाल, तर भाषांतर करू नका. तेच मुद्दे घेऊन इंग्रजीत नव्याने लिहा. आपल्याकडच्या इंग्रजीत ऑफिसची एक जुनी पोथी आहे: रिस्पेक्टेड सर, इन्कन्व्हीनियन्स कॉझ्ड, काइंडली रिव्हर्ट. मराठीतलं 'क्षमस्व' जेवढं कोरडं, तेवढंच हेही कोरडं. इंग्रजीत 'तू-तुम्ही-आपण' या पायऱ्या नाहीत, त्यामुळे आदर सर्वनामातून दाखवता येत नाही. तो दाखवायचा तो वाक्य छोटं, सरळ आणि नेमकं ठेवून. 'णं'चं काम तिथे 'इंग'ने होणारी रूपं करतात:

```
Hello. Waiting over an hour past an appointment,
and being answered that way at the counter, is
not right. We apologise. If we are running more
than twenty minutes late, we now call ahead.
Everyone is entitled to know what a test is for.
We would rather not discuss anyone's health in
public. Please call the clinic between 1 and 2 pm
and the doctor will speak to you personally.
```

मराठीतलं 'मनापासून' इथे मी गाळलंय. इंग्रजीत 'सिन्सिअरली', 'डीपली' अशी क्रियाविशेषणं जितकी चढवाल तितकी माफी छापील वाटते. मराठीत मात्र नुसतं 'माफी मागतो' थोडं तुटक लागतं, म्हणून 'मनापासून' हवं.

उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, याचं माझं माप साधं आहे: रिव्ह्यूची क्रियापदं ज्या भाषेत, त्या भाषेत. 'स्टाफ रूड होता, वेटिंग खूप आहे' यात इंग्रजी शब्द भरपूर असले तरी वाक्य मराठी आहे, मराठीत उत्तर द्या. रोमन लिपीत मराठी लिहिलं असेल, तरी उत्तर देवनागरीत चालतं, वाचणारा वाचतो. दोन्ही भाषांत एकाखाली एक उत्तर मी सहसा टाळते, ते सूचनाफलकासारखं दिसतं. शिवाय गुगल मॅप्स वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत आपोआप भाषांतर दाखवू शकतं. म्हणूनच मराठीत वाक्प्रचार जपून वापरा. 'चूक पदरात घ्या' किती गोड आहे, पण यंत्राच्या भाषांतरात त्याचं काय होईल याची खात्री नाही. छोटी, साधी वाक्यं दोन्हीकडे टिकतात.

लिहून झालं की लगेच पाठवू नका. ज्या संध्याकाळी रिव्ह्यू दिसला त्या संध्याकाळी मी कधीच उत्तर देत नाही, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त थांबतही नाही. सकाळी क्लिनिकमधल्या दुसऱ्या कोणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा. मनात वाचताना न दिसलेला ताठरपणा आवाजात लगेच कळतो.

उत्तर टाकलं की गुगल त्या माणसाला तसं कळवतं, त्यामुळे फोन येण्याची शक्यता खरी आहे. डॉक्टरांना त्यासाठी तयार ठेवा. पहिली दोन मिनिटं फक्त ऐकायचं. तपासण्यांबद्दल बोलताना आधी समोर कोण आहे ते विचारायचं, कारण मुलाशी बोलण्याआधीही आईची परवानगी हवी. आई शेजारी असतील तर त्यांच्याशीच बोललेलं उत्तम. प्रत्येक तपासणी कशासाठी होती, न केल्यास काय राहून जाईल, आणि कोणती थोडी थांबू शकते, एवढं साध्या शब्दांत सांगितलं की 'धंदा' हा शब्द बहुतेक वेळा गळून पडतो. पाच मिनिटांत चार तपासण्या मिळाल्यावर तक्रार असते ती समजावून न सांगितल्याची. कागदपत्रं मागितली, तर टाळाटाळ नको. त्याच २००२च्या आचारसंहितेनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: 'रिव्ह्यू काढा' असं सांगू नका, फी परत करतो किंवा पुढची तपासणी मोफत देतो म्हणून तर मुळीच नाही. मोबदला देऊन रिव्ह्यू बदलून घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्याहून वाईट म्हणजे, तुमची माफी आतापर्यंत खरी होती, ती त्या क्षणी सौदा होते. त्याला वाटलं तर तो स्वतः बदलेल. बदलला, तर तुमचं जुनं उत्तरही बदला, नाहीतर चार स्टारखाली सव्वा तासाची माफी विसंगत दिसते. एका रिव्ह्यूला क्लिनिकचं एकच उत्तर राहतं, पण ते नंतर संपादित करता येतं.

तक्रार याहून गंभीर असेल, म्हणजे चुकीचा उपचार झाला, इजा झाली, घरातलं माणूस गेलं, तर तुम्ही एकटीने एक शब्दही लिहू नका. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हा तुमचं उत्तर उद्या ग्राहक आयोगापुढे कागद म्हणून ठेवलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी व्यावसायिक विमा घेतला असेल, तर त्यात सहसा अशी अट असते की विमा कंपनीला न विचारता चूक मान्य करायची नाही. आधी डॉक्टर, मग विमा कंपनी किंवा वकील, आणि त्यानंतर दोनच ओळी: 'तुम्ही लिहिलेलं आम्ही वाचलं. हा विषय इथे लिहिण्यापलीकडचा आहे. डॉक्टरांना तुम्हाला प्रत्यक्ष भेटायचं आहे, कृपया क्लिनिकच्या नंबरवर फोन करा.' इथे मोठी माफी नाही आणि बचावही नाही. दुःखात असलेल्या माणसाला लांबलचक उत्तर आणखी दुखावतं, आणि भेटीचं बोलावणं हेच तिथे सर्वांत माणुसकीचं असतं. भेट मात्र खरंच झाली पाहिजे.

कधी एखादा रिव्ह्यू दुसऱ्याच क्लिनिकचा असतो, किंवा त्यातली एकही गोष्ट तुमच्याकडची वाटत नाही. तिथे 'तुम्ही आमचे पेशंटच नाही' असं लिहिण्याचा मोह होतो. ते लिहू नका. रिव्ह्यू सुनेने टाकलेला असू शकतो आणि केसपेपर सासूबाईंच्या नावाचा. शिवाय एकाला 'नाही' म्हटलं की ज्यांना म्हटलं नाही ते 'आहेत' असा अर्थ निघतो. 'या वर्णनावरून नेमकं काय घडलं ते आम्हाला शोधता आलं नाही, फोन केलात तर नक्की लक्ष घालू' एवढं पुरे. शिवीगाळ, कोणाचा फोन नंबर, उघड स्पॅम असेल, तर गुगलकडे त्या रिव्ह्यूची तक्रार करा. 'हे खोटं आहे' एवढ्यावर मात्र गुगल सहसा काढत नाही, कारण खरं-खोटं ठरवायला ते बसलेले नाहीत.

आता कौतुकाकडे येते. लोकांना वाटतं, हे सोपं आहे. पण गुपित फुटण्याची भीती इथे जास्त, कारण आनंदात आपण सैल होतो. समजा, कोणी लिहिलं: 'गुडघ्याचं दुखणं गेलं, आता जिने चढते. डॉक्टर म्हणजे देवमाणूस.' हात आपोआप लिहितो: 'तुमचा गुडघा बरा झाला हे वाचून आनंद झाला.' झालं, तुम्ही उपचार आणि निकाल दोन्हींवर क्लिनिकचा शिक्का मारलात. 'मुळापासून बरं केलं' अशा वाक्यावर तर अजिबात मान डोलवू नका, ती तुमची जाहिरात ठरते, आणि डॉक्टरांनी जाहिरात करून पेशंट ओढण्याला त्याच आचारसंहितेची मनाई आहे. कौतुकाच्या उत्तरात आजाराला हात न लावता भावनेला उत्तर द्या:

'नमस्कार. इतकं मनापासून लिहिलंत, वाचून सगळ्यांना खूप बरं वाटलं. तुमचे शब्द डॉक्टरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, हा तुमचा मोठेपणा. तब्येतीला जपा.'

डॉक्टरांना ते खरंच वाचून दाखवा आणि ते जे बोलतील तेच लिहा. 'देवमाणूस' हा शब्द स्वीकारायचाही नसतो आणि नाकारायचाही नसतो. मराठीत अशा वेळी मोठेपणा समोरच्याला परत करायची रीत आहे, ती सुंदर आहे. हीच रीत इंग्रजीत नेलीत तर विचित्र वाटेल. इंग्रजीत कौतुक सरळ हातात घ्यायचं असतं:

```
Thank you for taking the time to write this.
We read it out to the whole team and it made
our day. Wishing you good health.
```

'पुन्हा सेवेची संधी द्या' हे वाक्य तुमच्या साच्यात असेल, तर आजच काढा. दुकानात ते ठीक आहे. दवाखान्यात परत यायची कोणाचीच इच्छा नसते. आणखी एक खबरदारी: 'डॉक्टरांच्या कृपेने मुलगा झाला' असा रिव्ह्यू आला, तर उत्तरात 'मुलगा' हा शब्द येऊ देऊ नका. गर्भलिंग निदानाविरुद्ध १९९४ सालचा कायदा आहे, आणि अशा आनंदात क्लिनिकने सूर मिसळला तर वाचणारा वेगळाच अर्थ काढू शकतो. 'तुम्हा सर्वांना खूप शुभेच्छा' एवढंच लिहा.

यांत्रिकपणा जाण्यासाठी रोज नवे शब्द शोधायची गरज नाही. त्या माणसाने क्लिनिकबद्दल लिहिलेली एक गोष्ट पकडा, पेशंटबद्दलची नाही. कोणी लिहिलं, 'रिसेप्शनवरच्या ताईंनी फॉर्म भरायला मदत केली', तर त्या ताईंना ते सांगा आणि लिहा: 'तुमचं वाचून आमच्या काउंटरवर आज सगळे खूश आहेत.' नुसते पाच स्टार असतील, एकही शब्द नसेल, तर 'मनापासून धन्यवाद' पुरतं. तिथे चार ओळी लिहिल्या की शब्द नसलेल्या माणसापुढे तुम्हीच बडबडताय असं दिसतं.

'डॉक्टर उत्तम, पार्किंग नाही' अशा मिश्र रिव्ह्यूत क्रम उलटा ठेवा: आधी पार्किंगचं, मग आभार. तक्रार आधी घेतली की माणसाला वाटतं, याने माझं पूर्ण वाचलं. पार्किंगची सोय करता येणार नसेल, तर तसंच लिहा, जवळ कुठे गाडी लावता येते ते सांगा. 'आम्ही प्रयत्न करू' असं लिहून काहीच करायचं नसेल, तर ते लिहू नका.

आता तुमच्या त्या एक स्टारच्या रिव्ह्यूकडे परत या. रजिस्टर बघा, काउंटरवर बोला, वरचं मराठी उत्तर तुमच्या क्लिनिकच्या खऱ्या वेळा घालून लिहा, आणि डॉक्टरांना १ ते २ मोकळं ठेवायला सांगा. डॉक्टरांनी केलेलं पहिलं टिपण मात्र फोनजवळ ठेवा. शुगरचा तो आकडा त्यांना आईंना समजावून सांगताना लागेलच.